कीवे नेहमी वर: चौदा महिने पडून राहिलेल्या मोटरचं प्रकरण

चिपळूणच्या पुढे, खाडीकाठच्या एका कारखान्याच्या पंपगृहासाठी तीन सारख्या मोटरी मागवल्या होत्या. प्रत्येकी ९०० किलोवॅट, ६.६ केव्ही, चार पोल, आडव्या, वजन साडेपाच टनांच्या आसपास. त्या फेब्रुवारीत कराडहून कुंभार्ली घाट उतरून साइटवर आल्या. पंपगृहाचं बांधकाम रखडलं, म्हणून पहिली मोटर कशीबशी पावसाळ्याआधी बसली आणि उरलेल्या दोन शेडमध्ये राहिल्या, त्या पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत. हे प्रकरण त्या दोघींचं आहे. दुसरी मोटर बसवताना जे दिसलं, त्यावरून तिसरी मोटर पुढच्या मुक्कामासाठी कशी तयार करायची हे ठरलं.

साठवणीत काहीच केलं नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलं. मोटर आतून कोरडी ठेवणारे स्पेस हीटर जोडलेले होते. शाफ्ट फिरवल्याचं रजिस्टर होतं, त्यावर सह्या होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. निर्मात्याच्या पुस्तिकेतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कोणीतरी पाळलं होतं. तरीही मोटर खराब झाली.

पहिली खूण: मेगर

फाउंडेशनवर चढवण्याआधी दुसऱ्या मोटरला पाच केव्हीचा मेगर मारला, म्हणजे वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा रोध मोजला. एका मिनिटाला ९० मेगओहम आले, दहा मिनिटांनी ११५. या दोन रीडिंगचं गुणोत्तर, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स, जेमतेम १.३. वाइंडिंगचं तापमान ३० अंश होतं. तुलना ४० अंशांवर करतात आणि दर दहा अंशांना इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो, त्यामुळे हिशेबाने ४५ मेगओहमच उरले. अशा फॉर्म-वाउंड वाइंडिंगला ४० अंशांवर किमान १०० मेगओहम आणि इंडेक्स किमान २ लागतो. उतरवून घेतानाच्या नोंदीत याच मोटरचे चार हजारांवर मेगओहम होते.

वाइंडिंग ओलं झालं होतं, यात शंका नव्हती. प्रश्न असा की हीटर चालू असताना ते ओलं झालं कसं?

हीटरच्या टर्मिनलवर क्लॅम्प मीटर लावला तर २.२ अँपिअर. आत २५० वॉटचे दोन हीटर समांतर आहेत. २३० व्होल्टवर एवढाच करंट यायला हवा. एक जळाला असता तर १.१ दिसला असता. थोडक्यात, हीटर शाबूत होते. कारण सापडलं वॉचमनच्या बोलण्यातून. साइटचा तात्पुरता वीजपुरवठा ठेकेदाराच्या जनरेटरवर होता आणि संध्याकाळी काम सुटलं की सात वाजता जनरेटर बंद व्हायचा. सकाळी आठला पुन्हा चालू. जवळजवळ चौदा महिने हीटर फक्त दिवसाच तापत होते.

हीटर अजिबात नसण्यापेक्षा हे एका अर्थाने वाईट. दिवसभर आतली हवा गरम होऊन फुगते आणि फटींतून बाहेर जाते. रात्री मोटर गार होते तशी ती बाहेरची दमट हवा आत ओढून घेते. दर चोवीस तासांत मोटरचा एक श्वास. सकाळी त्याच्या उलट प्रकार: ऑक्टोबरात दहा वाजता हवा ३१ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असली तर तिचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. साडेपाच टन लोखंड मात्र रात्रभराच्या गारव्याने अजून २४ अंशांवरच असतं, कारण एवढं वजन तापायला दुपार होते. अशा लोखंडावर हवा टेकली की घाम सुटणारच. ५०० वॉटचे हीटर आठला चालू केले तरी दहापर्यंत ते त्या वजनापुढे फारसं काही करू शकत नाहीत. हीटरचं काम मोटर भाजायचं नाही. आतली धातू भोवतालच्या हवेपेक्षा पाच ते दहा अंश वर धरून ठेवायची, म्हणजे ती दवबिंदूच्या खाली कधी जातच नाही. ‘कधी’ या शब्दात रात्र आणि पहाट येतात, रविवार आणि गणपतीची सुट्टीही येते.

त्यात भर म्हणून मोटरीवर निळी ताडपत्री होती, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून दोरीने घट्ट बांधलेली. काढली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे ओघळ वाळल्याच्या खुणा होत्या. मोटरच्या तळाचे ड्रेन प्लग काढलेले होते, पण एका भोकात कुंभारमाशीने मातीचं घर करून ते लिंपून टाकलं होतं. कोकणात उघडं भोक फार दिवस उघडं राहत नाही. तिथे बारीक जाळी लावावी लागते.

वाइंडिंग वाचलं. हीटर पाच दिवस अखंड चालू ठेवले, बाहेरून गरम हवेचा ब्लोअर दिला, एण्ड कव्हरची झाकणं किलकिली ठेवली. पहिल्या दिवशी मेगरचं रीडिंग आणखी खाली आलं, तेव्हा साइटवर घबराट झाली. ते अपेक्षितच होतं: वाइंडिंग गरम झालं की रोध उतरतो, ओल निघू लागली की मग चढतो. पाचव्या दिवशी ४५ अंशांना १५०० मेगओहम, इंडेक्स ३.१. इथे प्रकरण संपलं असं सगळ्यांना वाटलं.

दुसरी खूण: आवाज

कपलिंग न जोडता मोटर मोकळी चालवली. ड्राइव्ह बाजूने आवाज येत होता. खडखड म्हणता येणार नाही, एकसुरी घरघर, वेग उतरताना जास्त स्पष्ट. कंपनाचा एकूण आकडा २ मिमी/सेकंदाच्या आसपास, म्हणजे मर्यादेत. नुसता हा आकडा पाहून मोटर पास करणारे कमी नाहीत. पण बेअरिंगचा सुरुवातीचा बिघाड एकूण वेगाच्या आकड्यात दिसत नाही, बेअरिंगमधल्या बारीक ठोक्यांची वारंवारता दाखवणाऱ्या एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये दिसतो. तिथे १७० आणि २३० हर्ट्झच्या आसपास दोन सरळ शिखरं होती आणि दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना २५ हर्ट्झच्या अंतराने छोटी शिखरं. २५ म्हणजे शाफ्टचा फिरण्याचा वेग, मिनिटाला जवळजवळ १५०० फेरे.

ड्राइव्ह बाजूला एनयू २२८ हे दंडगोल रोलरचं बेअरिंग आहे, पिंजऱ्यात १६ रोलर. अशा बेअरिंगमध्ये बाहेरच्या कड्यावरच्या खुणेवरून फेऱ्याला साधारण ६.८ रोलर जातात आणि आतल्या कड्यावरच्या खुणेवरून ९.२. दोन्हींची बेरीज १६, म्हणजे रोलरांची संख्या. २५ ने गुणलं की १७० आणि २३० येतात. म्हणजे दोन्ही कड्यांवर खुणा होत्या, त्याही अजून सुरूच न झालेल्या मोटरमध्ये.

बेअरिंग उतरवलं. ग्रीसमध्ये तांबूस भुकटी होती, गेरूसारखी. पुसून भिंगाखाली पाहिलं तर बाहेरच्या कड्याच्या तळच्या भागात रोलरच्या लांबीएवढ्या उथळ पट्ट्या, ठरावीक अंतरावर. बोटाच्या नखाला जेमतेम लागतील एवढ्याच खोल. पट्टीच्या आत ग्राइंडिंगच्या बारीक रेघा पुसल्या गेल्या होत्या.

या पुसलेल्या रेघा महत्त्वाच्या, कारण अशा पट्ट्यांना तीन बाप असू शकतात. घाटात ट्रक आदळून रोलरने कड्याला खळगा पाडला असता, तर धातू दबली असती पण खळग्याच्या तळाशी ग्राइंडिंगच्या रेघा तशाच दिसल्या असत्या. रोलरच्या कडेला पाणी साचून गंज लागला असता, तर पट्टी काळपट आणि खडबडीत, कडा खाल्लेल्या दिसल्या असत्या. इथे रेघा झिजून गेल्या होत्या आणि सोबत तांबूस भुकटी. म्हणजे थांबलेल्या रोलरची बारीक थरथर. मोटर उभी असते, रोलर एकाच जागी टेकलेले असतात, जमीन हलत राहते. रोलर आणि कडं यांच्यामधलं ग्रीस त्या हालचालीने बाजूला सरतं, आणि फिरणं नसल्यामुळे परत येत नाही. धातू धातूला घासते, निघालेला कण गंजतो आणि तोच पुढे पॉलिशच्या पावडरीसारखा झिजवत राहतो. इंग्रजीतलं फॉल्स ब्रिनेलिंग ते हेच.

जमीन हलत का होती, याचं उत्तर शेडच्या भिंतीपलीकडेच होतं. ज्या जनरेटरने हीटरला रात्री उपाशी ठेवलं, तोच दिवसभर मोटरीपासून चार पावलांवर धडधडत होता. तो चालू असताना शेडच्या जमिनीवर १.६ मिमी/सेकंद कंपन मोजलं. साठवणीच्या जागेसाठी काही निर्माते ०.२ ची मर्यादा घालतात.

मग शाफ्ट फिरवला त्याचं काय झालं?

रजिस्टरप्रमाणे महिन्यातून एकदा, चेन पान्याने, दहा फेरे. फक्त पावसाळ्याचे चार महिने कोरे, कारण शेडपर्यंतची वाट चिखलात गेली होती. ज्या फिटरने हे काम केलं तो अनुभवी आणि प्रामाणिक माणूस. त्याला विचारलं, “दादा, फिरवून झाल्यावर शाफ्ट कुठे थांबवत होता?”

“कीवे वर आणून, साहेब. सुरुवात तिथूनच करायची, म्हणजे फेरे मोजायला बरं पडतं.”

कीवे म्हणजे शाफ्टच्या टोकावरची चावी बसवायची खाच. बेअरिंगचं आतलं कडं हातात घेतल्यावर फिटरचा शब्द अन् शब्द वाचता येत होता. कड्याच्या एका बाजूला, परिघाच्या साधारण तिसऱ्या भागात, पट्ट्यांचे अनेक संच एकमेकांवर चढलेले. बहुतेक फिकट. त्यातला एकच संच ठळक, पट्ट्यांमधलं अंतर सुमारे ३३ मिमी, म्हणजे आतल्या कड्याच्या १६९ मिमी व्यासाचा परीघ भागिले १६. ही पावसाळ्याच्या चार महिन्यांची नोंद. आणि कड्याची समोरची बाजू नव्यासारखी स्वच्छ.

रोटरचा भार तळच्या रोलरांवरच असतो. शाफ्ट दहा फेरे फिरवून पुन्हा जुन्याच स्थितीत थांबवला, तर आतल्या कड्याचा तोच भाग पुन्हा तळाशी येतो आणि पुढचा महिना तोच मार खातो. फेऱ्यांनी ग्रीस पसरलं, गंज टळला, हे खरंच. ड्राइव्ह बाजूला गंजाचा डाग नव्हता. पण झीज वाटून घेण्याचं काम फेऱ्यांनी होत नाही, थांबण्याच्या जागेने होतं. म्हणून दहा-बारा पूर्ण फेरे झाल्यावर शाफ्ट आधीच्या जागेपासून पाव फेरा पुढे सोडायचा. या वेळी कीवे वर, पुढच्या वेळी उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे.

यालाही मर्यादा आहे. बाहेरचं कडं फिरत नाही, त्याचा तळ तळच राहतो. फिरवल्याने तिथे फक्त रोलर सरकतात. म्हणून शाफ्ट फिरवणं हा कंपनावरचा इलाज नव्हे. शेजारी जनरेटर ठेवून दर आठवड्याला फिरवलं असतं, तर एका ठळक पट्टीऐवजी फिकट पट्ट्यांचा गालिचा मिळाला असता. आधी मोटर हलवायची, मग शाफ्ट.

विरुद्ध बाजूच्या ६२२८ बॉल बेअरिंगमध्ये गंजाचे दोन ठिपके निघाले. ते पहाटेच्या दवाचे. दोन्ही बेअरिंग बदलली. बॉल बेअरिंग ठेवता आलं असतं असं काहींचं म्हणणं होतं, पण रोटर बाहेर काढलेला असताना ते पुन्हा बसवण्यात मला बचत दिसली नाही.

तिसरी मोटर

तिसरी मोटर त्याच शेडमध्ये होती, पण भिंतीपासून दूरच्या टोकाला, जाड लाकडी ओंडक्यांवर. तिची बेअरिंग उघडून पाहिली; फिकट खुणा होत्या, तरी तीही बदलली. ती स्पेअर असल्यामुळे आता घाट चढून देशावरच्या गोदामात वर्ष-दोन वर्षं राहायला जाणार होती. तिची तयारी नीट करायला वेळ होता.

आधी ग्रीस. नवीन बेअरिंगमध्ये भरण झालंच होतं. प्रवासापूर्वी शाफ्ट हाताने फिरवत आणखी थोडं ताजं ग्रीस दिलं. मात्रा ठरवायला बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ हा नेहमीचा हिशेब: २५० × ४२ × ०.००५, म्हणजे पन्नास-बावन्न ग्रॅम. ग्रीस मोटरच्या प्लेटवर लिहिलेलंच, लिथियमचं. साइटच्या स्टोअरमध्ये पॉलियुरिया ग्रीसचा डबा होता, तो बाजूला ठेवला. लिथियमच्या ग्रीसमध्ये तो मिसळला तर दोन्हींचा रस्सा होण्याची शक्यता असते, आणि साठवणीत पातळ झालेलं ग्रीस बेअरिंग सोडून खाली उतरतं. शाफ्टचं उघडं टोक, कीवे आणि पायांची मशिन केलेली तळवटी यांना गंजरोधक लेप देऊन मेणकागद गुंडाळला.

मग शाफ्टचं लॉक. एनयू बेअरिंगचा रोटरला लांबीच्या दिशेने काहीच आधार नसतो. रोटर पुढे-मागे सरकू नये याचा सगळा भार पलीकडच्या बॉल बेअरिंगवर. त्याशिवाय रोलर आणि कडं यांत मोजून थोडा खेळ असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. खड्ड्यात ट्रक आदळला की रोटर त्या खेळात उसळतो आणि परत आपटतो. म्हणून लॉकला दोन कामं असतात. शाफ्टच्या टोकाच्या मधल्या आट्यांच्या भोकात एम २४ बोल्ट घालून, बेअरिंग कव्हरवर बसवलेल्या पट्टीतून शाफ्ट बाहेरच्या दिशेने ओढून धरला. बॉल बेअरिंगचा खेळ निघाला. आणि शाफ्टखाली नायलॉन लावलेला व्ही-ब्लॉक बोल्टने वर घेतला, वरून पट्टीने आवळला. व्ही-ब्लॉक घेताना शाफ्टवर डायल गेज लावलेला होता. काटा जेमतेम हलला, पाच शतांश मिलिमीटर, तिथे थांबलो. रोटरचा भार ब्लॉकवर यायला हवा, पण रोलर वरच्या बाजूला दाबले जाऊ नयेत. अंदाजपंचे आवळलं तर लॉकच बेअरिंग मारतं.

लॉकवर लाल पाटी लावली: ‘काढल्याशिवाय फिरवू नका’. हे लहान वाटतं. पण गोदामात पहिल्यांदा शाफ्ट फिरवायला येणारा माणूस वेगळा असतो, आणि शाफ्ट हलत नाही म्हटल्यावर तो आधी मोठा पाना शोधतो.

ट्रकवर चढवण्याआधी मेगर आणि हीटरचा रोध लिहून ठेवले. दोन हीटर समांतर, सुमारे १०६ ओहम. गोदामात उतरल्यावर तेच दोन आकडे पुन्हा घेतले. हीटरचा रोध २१२ आला असता तर रस्त्यात एक तुटला हे लगेच कळलं असतं. दोन्ही जुळले. मोटर उचलायच्या आधी लॉकचे बोल्टही तपासले. एक चतकोर फेरा ढिला झाला होता.

गोदामात जागा निवडताना प्रथम कंपन मोजलं. रस्त्याकडेच्या भिंतीजवळ ट्रक गेला की काटा चाळवायचा, म्हणून मोटर मधल्या खांबांच्या रांगेत ठेवली. हीटरसाठी गोदामाच्या दिव्यांच्या सर्किटला हात लावला नाही. रात्री दिवे मालवणारा माणूस हीटरही मालवणार. वेगळा एमसीबी, त्याला कुलूप, वर लाल दिवा आणि टर्मिनल बॉक्सवर ‘आत २३० व्होल्ट आहेत’ ही पाटी. मुख्य केबल जोडलेली नसते, त्यामुळे मोटर मेलेली आहे असं समजून हात घालणाऱ्याला हीटरचा झटका बसू शकतो.

दिवा लागलेला आहे एवढ्यावर विसंबायचं नाही, म्हणून एक साधी तपासणी ठरवली. वाइंडिंगमध्ये तापमानाचे पीटी १०० सेन्सर बसवलेलेच असतात, तापमानाबरोबर त्यांचा रोध वाढतो. साध्या मल्टिमीटरने त्याचा रोध पाहायचा. गोदामात हवा २५ अंश असताना ११२.८ ओहम आले, म्हणजे वाइंडिंग ३३ अंशांवर. आठ अंश वर. हेच हवं होतं. हा फरक तीन अंशांच्या खाली आला तर हीटरचा करंट बघायचा. पहिल्या हिवाळ्यात एकदा तो दोनवर आलेला दिसला. कारण हीटर नव्हतंच: कोणीतरी मोटरशेजारचं शटर हवेसाठी उघडं ठेवलं होतं.

ताडपत्री घातली ती छत्रीसारखी, खाली फूटभर मोकळी. ड्रेनच्या भोकांना जाळी.

शाफ्टच्या टोकावर रंगाने चार खुणा केल्या, १ ते ४. रजिस्टरमध्ये फेरे मोजण्याचा रकानाच काढून टाकला आणि त्या जागी ‘कोणता आकडा वर सोडला’ हा रकाना आला. मुदत पंधरा दिवसांची ठेवली. पुस्तिकेत महिना आहे, पण महिन्याची नोंद चुकली की दोन महिने होतात, पंधरवड्याची चुकली तर एकच. सलग दोन ओळींत सारखा आकडा दिसला तर काम झालं नाही, हे टेबलावर बसूनही कळतं.

या मोटरला दोन वर्षं पूर्ण झाली तर जुनं ग्रीस काढून नवीन भरायचं आणि एन्व्हलप स्पेक्ट्रमसह मोकळी चाचणी घ्यायची, हे कार्डावर लिहिलेलं आहे. बसवायला नेताना लॉक पुन्हा लावावं लागेल. ते मोटरच्याच पायाला तारेने बांधून ठेवलं आहे, बोल्ट-नटांसकट.